चार वर्षांच्या संशोधन प्रकल्पाचं बजेट: वर्षागणिक रकाने, भाववाढ आणि न जुळणारी बेरीज

कोरा कागद

संशोधन प्रकल्पाच्या प्रस्तावासाठी स्प्रेडशीटमध्ये बजेट मांडतोय. चार वर्षं, म्हणून चार रकाने (`D` ते `G`) आणि उजवीकडे एकूण. चलन सोडून द्या, नुसते आकडे देतो.

पगार ४,८०,०००, वर्षाला ६ टक्के वाढ. प्रयोगशाळेचं साहित्य १,५०,००० आणि प्रवास ६२,५००, दोन्हींना ४ टक्के वाढ. उपकरण ३,५०,०००, फक्त पहिल्या वर्षी. दुसऱ्या वर्षात `=D8*1.06` असं लिहून ते पुढे ओढलंय. तळाशी वर्षाची बेरीज आणि तिच्याखाली एकत्रित, म्हणजे आजवरची, बेरीज.

तीन अडचणी आहेत. एक, चौथ्या वर्षी कागदावर दिसतात ते आकडे ५,७१,६८८, १,६८,७३० आणि ७०,३०४. हाताने बेरीज केली की ८,१०,७२२ येते, शीट ८,१०,७२१ दाखवते. दोन, एकत्रित बेरजेच्या ओळीत अगदी उजवीकडे ८७,०८,४५७ आलंय, ते कुठून आलं कळत नाही. तीन, प्रमुख म्हणतात पगारवाढ ५ टक्के करून बघ, आता प्रत्येक सूत्र उघडून बदलायचं का?

टिंब

८७ लाख मंजूर झाले तर गप्प बसा. :-)

जुना लेखापाल

दुसरी अडचण आधी, कारण ती अर्ध्या मिनिटाची आहे. "एकूण" रकान्यातलं `SUM` तुम्ही वरून खाली सरसकट ओढलंय, ते एकत्रित बेरजेच्या ओळीवरही गेलं. त्या ओळीत प्रत्येक आकड्यात आधीची सगळी वर्षं आहेतच. त्यांची पुन्हा बेरीज म्हणजे पहिलं वर्ष चारदा मोजलं, दुसरं तीनदा, तिसरं दोनदा. १०,४२,५०० + १७,७२,३०० + २५,४१,४६८ + ३३,५२,१८९ करून बघा, तुमचे ८७ लाख तिथेच सापडतील.

त्या चौकटीत काहीही नको. करड्या रंगाने भरून टाका म्हणजे पुढच्या वेळी चुकून सूत्र टाकलं जाणार नाही. एकत्रित ओळीतला शेवटच्या वर्षाचा आकडा हेच प्रकल्पाचं एकूण, आणि तो वार्षिक ओळीच्या उजव्या एकूणाशी तंतोतंत जुळला पाहिजे.

बेरीजवजा

एकाचा फरक पूर्णांकनामुळे. चौकटीत खरा आकडा ५,७१,६८७.६८ आहे, तुम्हाला दिसतो ५,७१,६८८. साहित्याचा १,६८,७२९.६० आहे, दिसतो १,६८,७३०. शीट खऱ्या आकड्यांची बेरीज करते: ८,१०,७२१.२८. वाचणारा दिसणाऱ्या आकड्यांची करतो.

सोपा उपाय: एक्सेलच्या ऑप्शन्समध्ये अॅडव्हान्स्डमध्ये जाऊन `Set precision as displayed` वर टिक करा. सगळं जुळेल.

जुना लेखापाल

@बेरीजवजा, कारण अचूक सांगितलंत, उपाय मात्र नको. ती टिक त्या वर्कबुकमधल्या सगळ्या शीटना लागू होते आणि जे आकडे हाताने टाकलेत त्यांची दिसत नसलेली दशांशस्थळं कायमची जातात. टिक काढली तरी परत येत नाहीत. दर ४.५ टक्के टाकलाय आणि चौकटीचं फॉरमॅट बिनदशांश टक्क्यांचं आहे, असं समजा. शीट तो ५ टक्के करून बसेल आणि कुणाला पत्ताही लागणार नाही.

पूर्णांकन सूत्रात करा, आणि तेही सगळ्यात खालच्या पातळीवर, म्हणजे प्रत्येक बाबीच्या प्रत्येक वर्षाच्या चौकटीत. त्यावरच्या बेरजा मग साध्या `SUM` ठेवा, त्यांना `ROUND` लावू नका. सुटे आकडे पूर्णांक असले की बेरीज आपोआप पूर्णांक येते, आणि आडवी-उभी कशीही केली तरी तीच येते.

निळाई

आता तिसरी अडचण. सूत्रात `1.06` लिहिलेलं असणं हेच मूळ दुखणं. दर एकाच ठिकाणी, गुणक एकाच ओळीत, आणि खालच्या बाबींनी फक्त त्या ओळीकडे बघायचं.

ओळ ४ मध्ये वर्षांची शीर्षकं. "वर्ष १" असा मजकूर टाइप करू नका. `D4` ते `G4` मध्ये नुसते 1, 2, 3, 4 टाका आणि चौकटीला हे कस्टम फॉरमॅट द्या:

```
"वर्ष "0
```

दिसायला "वर्ष" दिसेल, पण आत आकडा राहील आणि तो सूत्रात वापरता येईल. मग `B5` मध्ये पगाराचा दर (६%), `B6` मध्ये इतर खर्चाचा दर (४%). `D5` मध्ये:

```
=(1+$B5)^(D$4-1)
```

हे उजवीकडे `G` पर्यंत आणि खाली ओळ ६ पर्यंत ओढा. पगाराचे गुणक १, १.०६, १.१२३६, १.१९१०१६ येतील, इतरांचे १, १.०४, १.०८१६, १.१२४८६४. या दोन ओळींचं फॉरमॅट चार दशांशांचं ठेवा. दोनच ठेवलीत तर तपासणारा १.१२ ने गुणून बघेल आणि तुमची चूक काढेल.

मूळ रक्कम `B8` पासून खाली. पगाराची ओळ आणि साहित्याची ओळ:

```
D8: =ROUND($B8*D$5,0)
D9: =ROUND($B9*D$6,0)
```

डॉलरची जागा महत्त्वाची. `$B8` मध्ये रकाना अडकवलाय, `D$5` मध्ये ओळ. एक जरी चुकला तर पहिल्या चौकटीत सगळं बरोबर दिसतं आणि बिघाड ओढलेल्या चौकटींत सुरू होतो. म्हणून सूत्र ओढून झालं की पहिली चौकट तपासून उपयोग नाही, `G` रकान्यातली उघडून बघा.

अर्धविराम

एवढं घात-बित कशाला? ६ टक्के म्हणजे दुसऱ्या वर्षी ६, तिसऱ्या वर्षी १२, चौथ्या वर्षी १८. मूळ रकमेवर सरळ लावा. वाचणाऱ्यालाही कळतं.

निळाई

@अर्धविराम, चौथ्या वर्षी तुमचा पगार ५,६६,४०० येतो, चक्रवाढीने ५,७१,६८८. फरक ५,२८८. पगारवाढ ही मागच्या वर्षीच्या पगारावर मिळते, पहिल्या दिवसाच्या पगारावर नाही, त्यामुळे सरळ पद्धतीने तेवढी तूट खरोखरच पडेल.

अर्धविराम

वाढ ठरावीक रकमेची असेल तर? दरवर्षी मूळ वेतनावर ठरलेली रक्कम मिळते अशाही नेमणुका असतात.

निळाई

तिथे तुमचं बरोबर. मग त्या ओळीला गुणक लावायचाच नाही. मूळ रक्कम अधिक वार्षिक वाढ गुणिले (वर्ष वजा १). नेमणुकीच्या कागदात काय लिहिलंय त्यावर ठरेल.

वाळूचं घड्याळ

महागाईसाठी ग्राहक किंमत निर्देशांक वापरायला हवा ना? मागच्या चार वर्षांचे निर्देशांक घ्यायचे आणि त्या प्रमाणात भागायचं, म्हणजे सगळे आकडे स्थिर किमतीत येतात. हे हाताने टाकलेले ४ टक्के मला पटत नाहीत.

जुना लेखापाल

तुम्ही उलटं गणित सांगताय. झालेला खर्च मागच्या किमतीत आणायचा तर निर्देशांकाने भागायचं. इथे न झालेला खर्च पुढच्या किमतीत न्यायचाय, आणि पुढच्या वर्षांचा निर्देशांक अजून निघालेला नाही. म्हणून गृहीत दर लागतो. निधी देणाऱ्याने दर दिला असेल तर तोच, नसेल तर आपला दर आणि त्यामागचं कारण टिपेत.

निर्देशांकाचा उपयोग एका ठिकाणी मात्र आहे. साहित्याचं दरपत्रक दोन वर्षांपूर्वीचं असेल तर ते आजच्या भावात आणायला वापरा. त्यापेक्षा नवं दरपत्रक मागवलं तर उत्तम.

वाळूचं घड्याळ

बरं. पण मग दरपत्रक आजचं आणि प्रकल्प एका वर्षाने सुरू होणार असेल, तर पहिल्या वर्षाचा गुणक १ कसा?

निळाई

चांगला मुद्दा, हे बरेचदा राहून जातं. `B3` मध्ये "मूळ भाव आणि सुरुवात यांतलं अंतर, वर्षांत" टाका आणि घातात `+$B$3` जोडा. अंतर ० असेल तर काहीच बदलत नाही. १ टाकलं की पहिल्याच वर्षीचा पगार ५,०८,८०० होतो. आणि `B7` मध्ये, मूळ रकमांच्या डोक्यावर, हे भाव कोणत्या महिन्याचे ते लिहून ठेवा. सहा महिन्यांनी स्वतःलाच आठवत नाही.

पाऊलवाट

आमच्याकडे प्रकल्पाचं वर्ष ऑक्टोबरला सुरू होतं आणि पगारवाढ जानेवारीत लागते. पहिल्या वर्षात पगार दोन वेगळ्या दरांनी जातो. तुमच्या शीटमध्ये हे कुठे बसतं?

बेरीजवजा

सरासरी काढा, अर्धी वाढ धरा.

जुना लेखापाल

अर्धी नाही, महिने मोजा. ऑक्टोबर ते डिसेंबर तीन महिने जुना पगार, उरलेले नऊ महिने नवा. महिना ४०,००० धरला तर ३ × ४०,००० = १,२०,००० आणि ९ × ४२,४०० = ३,८१,६००. मिळून ५,०१,६००. गुणक १ धरून ४,८०,००० लिहिले असते तर पहिल्याच वर्षी २१,६०० कमी पडले असते. अर्धी वाढ धरून ४,९४,४०० येतात, म्हणजे तरीही ७,२०० कमीच.

गुणकाच्या भाषेत पहिलं वर्ष १.०४५. पुढच्या प्रत्येक वर्षी हाच साचा ६ टक्क्यांनी वाढतो. `B2` मध्ये वाढीआधीचे महिने (इथे 3) टाका आणि फक्त पगाराच्या गुणक-ओळीत:

```
=($B$2+(12-$B$2)*(1+$B5))/12*(1+$B5)^(D$4-1)
```

`B2` मध्ये 12 टाकलं की नेहमीचा गुणक परत. साहित्याच्या ओळीला हे लावू नका, साहित्य काही जानेवारीच्या मुहूर्तावर महाग होत नाही.

पाऊलवाट

आणि सहायक दुसऱ्या वर्षाच्या मध्यात रुजू होणार असेल तर?

जुना लेखापाल

मग मूळ रकमेत वार्षिक पगार ठेवू नका, मासिक ठेवा, आणि खाली किंवा दुसऱ्या शीटवर महिन्यांचा तक्ता करा: ०, ६, १२, १२. चौकट म्हणजे मासिक पगार गुणिले त्या वर्षाचे महिने गुणिले गुणक. दुसऱ्या वर्षाचा साधा गुणक धरला तर ४०,००० × ६ × १.०६ = २,५४,४००. पण सहायक वाढीनंतर रुजू होणार असेल तर ते सहाही महिने नव्या पगाराचे, तिथे वरचा मिश्र गुणक कमी पैसे दाखवेल. अशा एखाद्या चौकटीसाठी सूत्र ताणण्यापेक्षा ती हाताने मांडा, वेगळा रंग द्या आणि टीप लिहा. रुजू होतानाच वाढीव पगार द्यायचा की मूळ, हा प्रश्न शीटचा नाही, तो संस्थेच्या नियमाचा.

शून्यमनस्क

दर दरवर्षी वेगळा असेल (६, ६, ५, ५) तर घाताचं सूत्र कोलमडतं. गुणकाच्या वर दरांची एक ओळ घाला. पहिल्या वर्षी गुणक १, पुढे मागच्या वर्षाचा गुणक गुणिले (१ + या वर्षाचा दर).

कोरा कागद

खूप धन्यवाद सगळ्यांना. गुणक-ओळी टाकल्या, चौथं वर्ष ८,१०,७२२ झालं. एक विसरलो होतो: संस्थेचा अप्रत्यक्ष खर्च १० टक्के घ्यायचाय. शेवटच्या एकूणावर १० टक्के लावले, ३,३५,२१९ आले. बरोबर?

बेरीजवजा

त्यालाही ४ टक्के वाढ लावायची राहिली तुमची.

निळाई

नाही! अप्रत्यक्ष खर्च हा टक्का आहे. तो ज्या रकमेवर आहे ती आधीच वाढून आलेली आहे, त्याला पुन्हा गुणक लावला की वाढ दोनदा मोजली गेली. आणि ही चूक दिसत नाही, कारण बेरजा सगळ्या जुळतात. पकडायची असेल तर प्रत्येक वर्षाच्या अप्रत्यक्ष खर्चाला त्याच्या पायाने भागून बघा. चारही वर्षं टक्का तोच यायला हवा. चढत गेला तर गुणक दोनदा लागलाय.

@कोरा कागद, तुमची अडचण वेगळी. पायात उपकरण धरायचं की नाही हे नियमात बघा. पुष्कळ निधी योजनांमध्ये उपकरण वगळतात. वगळलं तर पहिल्या वर्षाचा पाया १०,४२,५०० नाही, ६,९२,५००. म्हणून तो पाया वेगळ्या ओळीत उघडा दाखवा, सूत्राच्या पोटात लपवू नका.

```
D12: =SUM(D8:D11)
D13: =D12-D11
D14: =ROUND(D13*$B$14,0)
D15: =D12+D14
D16: =SUM($D$15:D15)
```

`D11` उपकरण, `B14` मध्ये १०%. ओळ १३ तिरप्या अक्षरात ठेवा, ती बेरजेत येत नाही हे दिसायला.

टिंब

ओळ १६ मध्ये `=C16+D15` चालत नाही का? मी तेच करतो.

निळाई

`C16` रिकामी असेल तर चालतं. तिथे कुणी "एकत्रित" असं लिहिलं की `#VALUE!` आणि तो पुढच्या सगळ्या रकान्यांत जातो. `$D$15:D15` मध्ये सुरुवात अडकलेली आणि शेवट सरकता, म्हणून पहिल्या रकान्यालाही वेगळं सूत्र लागत नाही.

जुना लेखापाल

आणखी एक, कारण मुदत चार वर्षांवरून पाच करा असं हमखास कुणीतरी सांगतं. `G` नंतर लगेच एकूणाचा रकाना असेल आणि त्यांच्या मध्ये नवा रकाना घुसवलात, तर `=SUM(D8:G8)` त्या नव्या वर्षाला धरेलच याचा भरवसा नाही. `H` हा एक रिकामा, बोटभर अरुंद रकाना ठेवा, एकूण `I` मध्ये, आणि सूत्र `=SUM(D8:H8)`. नवं वर्ष `H` च्या आधी घुसवलं की ते पट्ट्याच्या आतच येतं. `G` मधली सूत्रं त्यात ओढायची, ओळ १६ सकट.

तपासणीची चौकट `I17` मध्ये:

```
=IF(AND(SUM(I8:I11)+I14=I15,I15=G16),"जुळले","तपासा")
```

पाचवं वर्ष `G` नंतर घुसवलंत तर इथलं `G16` हाताने बदलावं लागेल. तोपर्यंत ती "तपासा" म्हणत राहील, आणि तसंच व्हायला हवं.

शून्यमनस्क

गुणकाच्या ओळी प्रस्तावात छापायच्या का? मी दडवतो. परीक्षकाला चार दशांशांचे आकडे बघून फाटे फोडायला जागा मिळते.

जुना लेखापाल

मी छापतो. ४,८०,००० चे ५,७१,६८८ कसे झाले हे त्याला कागदावरच कळलं तर तो विचारत नाही.

शून्यमनस्क

किंवा "६ का, ५ का नाही" हे विचारतो.

अर्धविराम

आकडे हजारात पूर्ण करायचे का पण? एककापर्यंत लिहिलं की चार वर्षांनंतरचा प्रवासखर्च ७०,३०४ असा दिसतो, जणू तिकीट काढून ठेवलंय.

निळाई

हा! करायचे असतील तर `ROUND(…,-3)`, पण तेही त्याच खालच्या चौकटीत. मात्र ७०,३०४ चे ७०,००० आणि १,६८,७३० चे १,६९,००० होतील. कमाल मर्यादेच्या जवळ असाल तर आधी एकूण बघा. अर्जाचा नमुना एककात मागत असेल तर विषयच संपला.

कोरा कागद

आता अशी झाली. उपकरण पायातून वगळलं, आमच्या नियमात तसंच आहे.

| | वर्ष १ | वर्ष २ | वर्ष ३ | वर्ष ४ | एकूण |
|---|---|---|---|---|---|
| पगार | ४,८०,००० | ५,०८,८०० | ५,३९,३२८ | ५,७१,६८८ | २०,९९,८१६ |
| साहित्य | १,५०,००० | १,५६,००० | १,६२,२४० | १,६८,७३० | ६,३६,९७० |
| प्रवास | ६२,५०० | ६५,००० | ६७,६०० | ७०,३०४ | २,६५,४०४ |
| उपकरण | ३,५०,००० | – | – | – | ३,५०,००० |
| अप्रत्यक्ष | ६९,२५० | ७२,९८० | ७६,९१७ | ८१,०७२ | ३,००,२१९ |
| वर्षाचं एकूण | ११,११,७५० | ८,०२,७८० | ८,४६,०८५ | ८,९१,७९४ | ३६,५२,४०९ |
| एकत्रित | ११,११,७५० | १९,१४,५३० | २७,६०,६१५ | ३६,५२,४०९ | |

`I17` "जुळले" म्हणतंय. पगारवाढ ५ टक्के करून बघायला एकच चौकट बदलावी लागली. गुणक छापायचे की नाही ते अजून ठरत नाहीये.

जुना लेखापाल

उपकरणाच्या ओळीत रिकाम्या वर्षांना "–" टाइप केलंय की शून्य आहे?

कोरा कागद

टाइप केलंय.

जुना लेखापाल

मग तुमच्या ओळ १३ मध्ये दुसऱ्या वर्षापासून `#VALUE!` यायला हवा होता. वजाबाकी मजकुराला चालत नाही. `SUM` तो गुपचूप सोडून देतं, वजाचं चिन्ह सोडत नाही.

कोरा कागद

आला होता. त्या तीन रकान्यांत `=E12` असं हाताने लिहून टाकलं. :-(

जुना लेखापाल

तिन्ही पुसा, `D13` पुन्हा ओढा, आणि डॅशच्या जागी 0 टाका. डॅश फॉरमॅटमधून दाखवता येतो:

```
#,##0;-#,##0;"–"
```

उद्या उपकरण तिसऱ्या वर्षावर ढकललं गेलं असतं, तर त्या `=E12` च्या जोडीला तिसऱ्या रकान्यातल्या `=F12` मुळे अप्रत्यक्ष खर्च त्यावरही लागला असता, आणि `I17` तरीही "जुळले" म्हणाली असती.